मजले आणि वारांचं पझल: सगळ्या सूचना एकाच उभ्या यादीत कशा बसवायच्या?

प्रश्न: बँक परीक्षांमधल्या मजल्यांच्या पझलमध्ये सुरुवातीच्या तीन-चार सूचना बसतात. मग 'राहत नाही' वाल्या सूचना येतात आणि सगळं खोडावं लागतं. शेवटी कधी दोन शक्यता उरतात, कधी एकही उरत नाही. सूचना कोणत्या क्रमाने घ्यायच्या? नकारात्मक सूचना नेमक्या कधी वापरायच्या? वारांच्या पझललाही हीच पद्धत चालते का?

उत्तर:

खोडाखोड होते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. सूचना ज्या क्रमाने छापल्या आहेत त्याच क्रमाने बसवल्या जातात. पेपर काढणारा त्या मुद्दाम विस्कटून देतो. सगळ्यात उपयोगी सूचना पाचव्या-सहाव्या ओळीत असते आणि पहिल्या ओळीत अशी एखादी असते जिचं आत्ता काहीच करता येत नाही. म्हणून पहिलं वाचन फक्त सूचना ओळखण्यासाठी करायचं, त्या वेळी यादीत काही भरायचं नाही. अर्धा मिनिट जातो, पण तो पुढे वसूल होतो.

एक पझल घेऊन सगळं दाखवतो. रफ शीट घ्या आणि सोबत सोडवा, नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

आठ मजल्यांची इमारत आहे. सगळ्यात खालचा मजला १, सगळ्यात वरचा ८. अमेय, भारती, चारू, दीपक, गौरी, हर्षद, कावेरी आणि मनोज असे आठ जण, प्रत्येक मजल्यावर एक, असे राहतात.

१. दीपक आणि अमेय लगतच्या मजल्यांवर राहत नाहीत.
२. हर्षद आणि मनोज यांच्यामध्ये जितके जण राहतात, तितकेच अमेय आणि कावेरी यांच्यामध्ये राहतात.
३. मनोज भारतीच्या लगेच वरच्या मजल्यावर राहतो.
४. चारू गौरीच्या वर राहते आणि त्या दोघींच्यामध्ये एकच जण राहतो.
५. अमेय सम क्रमांकाच्या मजल्यावर, पण चौथ्या मजल्याच्या वर राहतो.
६. हर्षद भारतीच्या लगतच्या मजल्यावर राहत नाही.
७. अमेय आणि भारती यांच्यामध्ये दोघे जण राहतात.

पहिल्या वाचनात प्रत्येक सूचनेसमोर एक खूण करा. ज्या सूचनेत मजल्याचा क्रमांक आहे ती स्थिर. जिच्यात दोन माणसांचं नातं आहे पण क्रमांक नाही ती सापेक्ष. 'नाही' आहे ती नकारात्मक. इथे स्थिर सूचना एकच, पाचवी, आणि तीही अर्धवट स्थिर: अमेय ६ वर किंवा ८ वर. 'मनोज चौथ्या मजल्यावर राहतो' असं सरळ सांगणारी सूचना आता फार कमी वेळा मिळते. 'सम', 'विषम', 'अमक्या मजल्याच्या वर' अशी अर्धवट माहितीच बहुतेक वेळा पझलची सुरुवात असते. ती स्थिर समजूनच चालायचं.

आता अजूनही यादीत काही भरायचं नाही. आधी सापेक्ष सूचना एकमेकींना जोडून पट्ट्या तयार करायच्या. पट्टी म्हणजे एकमेकांशी बांधलेल्या माणसांचा उभा तुकडा, ज्याची जागा ठरलेली नसते पण आतला क्रम ठरलेला असतो.

सूचना ३ आणि ७ दोन्हींत भारती आहे, म्हणून त्या जुळतात. अमेय आणि भारतीमध्ये दोघे, म्हणजे त्यांच्या मजल्यांत ३ चा फरक. भारती अमेयच्या खाली असेल तर वरून खाली पट्टी अशी होते: अमेय, रिकामी जागा, मनोज, भारती. चार मजल्यांची पट्टी. भारती अमेयच्या वर असेल तर ती ९ किंवा ११ वर जाईल, कारण अमेय कमीत कमी ६ वर आहे. म्हणून ती दिशा इथेच संपली.

बघा, यादीत एकही नाव न भरता आठपैकी तीन माणसं एकाच तुकड्यात बांधली गेली आणि तो तुकडा फक्त दोन ठिकाणी बसू शकतो. अमेय ६ वर असेल तर मनोज ४, भारती ३. अमेय ८ वर असेल तर मनोज ६, भारती ५. आता दोन उभे रकाने काढा. त्यांना 'क' आणि 'ख' म्हणू. डावीकडे ८ ते १ असे मजल्यांचे आकडे एकदाच लिहा, प्रत्येक रकान्यासाठी पुन्हा नको.

दुसरी पट्टी सूचना ४ ची: चारू, कोणीतरी एक, गौरी. तीन मजल्यांची. ही बसवताना जी चूक होते ती या प्रकारच्या पझलमधली सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

रकाना क मध्ये ८, ७, ५, २, १ हे मजले मोकळे आहेत. विद्यार्थी तीन सलग मोकळे मजले शोधतो, ते दिसत नाहीत, आणि तो रकाना क वर फुली मारतो. रकाना ख मध्ये ४, ३, २, १ असे चार सलग मोकळे मजले दिसतात, तिथे पट्टी छान बसते, मग तो ख पुढे नेतो. पण सूचना फक्त 'मध्ये एक जण राहतो' एवढंच म्हणते. तो एक जण आधीच बसवलेला माणूसही असू शकतो! रकाना क मध्ये चारू ७ वर, गौरी ५ वर आणि मध्ये सहाव्या मजल्यावर अमेय. एक पट्टी दुसऱ्या पट्टीत गुंतून बसली. पट्टीतली मधली जागा मोकळी असायलाच हवी असं कुठेच लिहिलेलं नसतं. शेवटी एकही शक्यता उरत नाही असं तुम्ही म्हणता, त्यामागे बऱ्याचदा हीच फुली असते.

म्हणून पट्टी बसवताना सलग जागा बघू नका, फक्त फरक बघा. 'मध्ये एक' म्हणजे दोघांच्या मजल्यांत २ चा फरक. रकाना क मध्ये मोकळ्या आकड्यांत २ चा फरक असलेली जोडी एकच आहे, ७ आणि ५. रकाना ख मध्ये ७, ४, ३, २, १ मोकळे आहेत. तिथे दोन जोड्या मिळतात: ४ आणि २, किंवा ३ आणि १. म्हणजे ख चे दोन उपरकाने झाले.

| मजला | क | ख१ | ख२ |
|---|---|---|---|
| ८ | | अमेय | अमेय |
| ७ | चारू | | |
| ६ | अमेय | मनोज | मनोज |
| ५ | गौरी | भारती | भारती |
| ४ | मनोज | चारू | |
| ३ | भारती | | चारू |
| २ | | गौरी | |
| १ | | | गौरी |

हर्षद, कावेरी आणि दीपक हे तिघे उरले. सूचना १, २ आणि ६ उरल्या. आता नकारात्मक सूचना घ्यायची वेळ आली.

नकारात्मक सूचना ही शेवटच्या तपासणीसाठीची गोष्ट नाही. ती माणसाबद्दल बोलते, पण तिचा खरा उपयोग जागेबद्दल असतो. 'दीपक अमेयच्या लगत नाही' एवढं वाचून दीपक कुठे आहे ते कळत नाही. पण ती सूचना रकान्यावर ठेवून बघा. ख१ आणि ख२ दोन्हींत अमेय आठव्यावर आहे, म्हणून त्याच्या लगतचा मजला एकच, सातवा. तो मोकळा आहे आणि तिथे दीपक चालत नाही. उरले तिघंच. मग सातव्यावर हर्षद किंवा कावेरी असायलाच हवी. नकारातून होकार निघाला.

हा होकार सूचना २ वर लावू. हर्षद ७ वर असेल तर तो मनोजच्या लगत येतो, म्हणजे त्यांच्यामध्ये कोणी नाही. मग कावेरीही अमेयच्या लगत हवी, पण ती जागा, सातवा मजला, हर्षदने घेतली. जमलं नाही. कावेरी ७ वर असेल तर ती अमेयच्या लगत, मग हर्षदला मनोजच्या लगत ५ किंवा ७ वर जावं लागेल. ५ वर भारती, ७ वर कावेरी. तेही जमलं नाही. दोन्ही उपरकाने एकाच वाक्यात गेले, आणि चारू-गौरी नेमकी कुठे हे बघावंही लागलं नाही. म्हणूनच दोन शक्यतांमध्ये जो भाग सारखा आहे त्याच्यावर आधी बोट ठेवायचं. ख१ आणि ख२ मध्ये वरचे चार मजले सारखेच होते.

उरला रकाना क. मोकळे मजले ८, २ आणि १. इथे सूचना १ काही करत नाही, कारण अमेयच्या लगतचे ५ आणि ७ आधीच भरले आहेत. सूचना ६ मात्र कामाची: भारती ३ वर आहे, म्हणून हर्षद २ वर नाही. मग तो ८ किंवा १ वर. हर्षद १ वर असेल तर मनोजशी ३ चा फरक, म्हणून कावेरीचाही अमेयशी ३ चा फरक हवा: ती ३ किंवा ९ वर. ३ वर भारती, ९ नाहीच. गेलं. हर्षद ८ वर असेल तर फरक ४, मग कावेरी २ किंवा १० वर, म्हणजे २ वर. दीपक १ वर.

वरून खाली यादी: हर्षद, चारू, अमेय, गौरी, मनोज, भारती, कावेरी, दीपक.

इथे एक प्रयोग करून बघा. सूचना ६ झाकून टाका आणि रकाना क पुन्हा सोडवा. हर्षद २ वर आणि कावेरी ८ वर हीसुद्धा शक्यता बसते: हर्षद-मनोजमध्ये एक, अमेय-कावेरीमध्येही एक. म्हणजे दोन याद्या उरतात. परीक्षेत सगळं संपल्यावर दोन याद्या उरल्या तर नवं काही शोधू नका. कुठलीतरी एक सूचना वापरलीच नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि ती बहुधा नकारात्मक असते. प्रत्येक सूचना वापरली की तिच्या क्रमांकावर रेघ मारायची सवय त्यासाठीच. रेघ नसलेला क्रमांक लगेच दिसतो. उलट एकही यादी उरली नाही तर एखादी सूचना जास्त कडक वाचली गेली आहे. तिथे आधी दिशा तपासा, मग 'मध्ये' वाली वाक्यं.

शब्दांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण चुका तर्कापेक्षा वाचनात जास्त होतात. 'तीन मजले वर' म्हणजे फरक ३. 'मध्ये तिघे' म्हणजे फरक ४. रफ शीटवर सूचना उतरवताना शब्द लिहूच नका, सरळ फरकाचा आकडा लिहा. 'लगेच वर' म्हणजे अगदी वरचा एकच मजला, पण नुसतं 'वर' म्हणजे वरचा कुठलाही. 'लगत' म्हणजे वर किंवा खाली दोन्ही. आणि 'मध्ये दोघे' या सूचनेत कोण वर हे सांगितलेलं नसतं. पहिल्या नावाला वर धरून चालणं ही नेहमीची चूक. आपल्या पझलमध्ये ती दिशा आपण कारण देऊन काढून टाकली, गृहीत धरून नाही.

'अ हा ब च्या वर राहत नाही' आणि 'अ हा ब च्या लगेच वर राहत नाही' या दोन सूचना शेजारी ठेवून बघा. पहिली दिसायला नकारात्मक आहे, पण प्रत्येक मजल्यावर एकच जण असेल तर ती सरळ सांगते की अ हा ब च्या खाली आहे. ती लगेच सापेक्ष सूचनांत टाका, 'नाही' शब्द पुसूनच टाका. तसंच 'सम मजल्यावर राहत नाही' म्हणजे विषम मजला, ही अर्धवट स्थिर सूचना झाली. दुसरी मात्र खरी नकारात्मक आहे, तिने फक्त एक जागा बंद होते. याला एक मर्यादा आहे. मेन्सच्या पातळीवर एका मजल्यावर दोन फ्लॅट असलेली पझल येतात. तिथे 'वर राहत नाही' म्हणजे खाली किंवा त्याच मजल्यावर, आणि ही दुसरी शक्यता विसरली की योग्य रकाना हातातून जातो. एखादा मजला रिकामा असलेल्या पझलमध्ये 'मध्ये दोघे जण' आणि 'मध्ये दोन मजले' यांत फरक पडतो. रिकामा मजला मजल्यांत धरला जातो, माणसांत नाही.

आता वार. पद्धत तीच, पण यादीची दिशा उलटते. मजल्यांत १ तळाशी असतो, वारांत सोमवार वर लिहिला जातो. मजल्यांवरून वारांवर आल्यावर 'नंतर' म्हटलं की हात सवयीने वर जातो. म्हणून वारांची यादी आडवी लिहावी: सो, मं, बु, गु, शु, श, र, आणि त्यांच्यावर १ ते ७. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर. गोंधळ तिथेच संपतो.

छोटं उदाहरण. सोमवार ते रविवार रोज एका विषयाचा तास: गणित, मराठी, इतिहास, भूगोल, विज्ञान, संस्कृत, चित्रकला. इतिहास गुरुवारी आहे. गणिताच्या आधी जितके तास होतात, तितकेच विज्ञानाच्या नंतर होतात. मराठीचा तास विज्ञानाच्या आदल्या दिवशी असतो. चित्रकला संस्कृतनंतर येते आणि दोन्हींच्या मध्ये तीन तास होतात. भूगोल इतिहासाच्या लगतच्या दिवशी नाही.

'आधी जितके, नंतर तितके' या सूचनेला लोक घाबरतात, पण तिच्यावर एका बेरजेचा उपाय आहे. गणिताच्या आधी जितके तास, तो आकडा गणिताच्या क्रमांकातून १ वजा केल्यावर मिळतो. विज्ञानाच्या नंतरचे तास म्हणजे ७ वजा विज्ञानाचा क्रमांक. हे दोन्ही सारखे, म्हणून दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी ८. आठ मजल्यांत 'अ च्या वर जितके, ब च्या खाली तितके' असेल तर बेरीज ९. एकूण जागा अधिक एक, एवढंच लक्षात ठेवा. रफ शीटवर ही सूचना 'ग + वि = ८' अशी लिहायची.

सुरुवात कुठून? इतिहास गुरुवारी लिहिला, आता सगळ्यात लांब पट्टी घ्या. संस्कृत आणि चित्रकला यांच्यात फरक ४, म्हणजे पाच दिवसांची पट्टी. लांब पट्टीला जागा कमी असतात: सात दिवसांत पाचची पट्टी तीनच ठिकाणी बसते. मराठी-विज्ञानाची दोनची पट्टी आधी घेतली असती तर इतिहास बसवल्यावरही चार ठिकाणं हाताळावी लागली असती.

संस्कृत सोमवारी, चित्रकला शुक्रवारी: मोकळे २, ३, ६, ७. मराठी-विज्ञान २-३ वर घेतलं तर विज्ञान ३, गणित ५, तिथे चित्रकला. ६-७ वर घेतलं तर विज्ञान ७, गणित १, तिथे संस्कृत. ही शक्यता गेली. संस्कृत मंगळवारी, चित्रकला शनिवारी: मोकळे १, ३, ५, ७. दोन सलग दिवसच नाहीत, मराठी-विज्ञान बसूच शकत नाही. (इथे सलग जागा बघितलेली चालते, कारण पट्टीत मधली जागा नाही.) संस्कृत बुधवारी, चित्रकला रविवारी: मोकळे १, २, ५, ६. मराठी १, विज्ञान २ घेतलं तर गणित ६ आणि भूगोल ५. मराठी ५, विज्ञान ६ घेतलं तर गणित २ आणि भूगोल १. दोन्ही बसतात.

इथे एकच नकारात्मक सूचना निकाल लावते. इतिहास ४ वर आहे, म्हणून भूगोल ३ आणि ५ वर नाही. भूगोल ५ वाली शक्यता गेली. यादी: सोमवारी भूगोल, मंगळवारी गणित, बुधवारी संस्कृत, गुरुवारी इतिहास, शुक्रवारी मराठी, शनिवारी विज्ञान, रविवारी चित्रकला.

ही सूचना अगदी सुरुवातीला, इतिहास लिहिल्या क्षणीच वापरता आली असती. ४ च्या डावी-उजवीकडे, ३ आणि ५ च्या खाली, 'भू' वर बारीक फुली. जिच्यातलं एक नाव आधीच बसलं आहे ती नकारात्मक सूचना लगेच यादीवर फुली म्हणून उतरवायची. जिच्यातली दोन्ही नावं अजून मोकळी आहेत तिला थांबवून ठेवायचं. तुमच्या 'नेमक्या कधी' ला माझं उत्तर हेच आहे. मजल्यांच्या पझलमध्ये अमेय बसताच सूचना १ ची फुली करता आली असती आणि भारती बसताच सूचना ६ ची. वर मी त्या उशिरा घेतल्या ते फक्त त्यांचं काम सुटं दिसावं म्हणून.

मजले आणि वार एकाच पझलमध्ये आले, म्हणजे आठ जण आठ मजल्यांवर राहतात आणि त्यातले सात जण वेगवेगळ्या वारी कुठेतरी जातात, तर दोन्हींची मिळून एक यादी करू नका. मजल्यांची उभी यादी मुख्य ठेवा आणि प्रत्येक नावासमोर वारासाठी एक मोकळा चौकोन सोडा. 'शुक्रवारी जाणारा गौरीच्या लगेच वर राहतो' अशी सूचना त्या चौकोनात 'शु' म्हणून जाते, नाव कळलं नसलं तरी. दुसऱ्या बाजूला फक्त वारांची आडवी ओळ ठेवा, कारण 'दीपक कावेरीच्या दोन दिवस आधी जातो' ही सूचना मजल्यांच्या यादीत कुठेच लिहिता येत नाही.

वेळेबद्दल. बँकांच्या क्लार्क आणि पीओ प्रिलिम्समध्ये रीझनिंगचे साधारण ३० ते ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण जातात, आणि एका पझलवर साधारण पाच प्रश्न येतात. माझ्या मते रकाने काढल्यावर एक खूण बघावी. सापेक्ष सूचना जोडून झाल्यावर तीनपेक्षा जास्त रकाने उघडे असतील आणि सगळ्या फुल्या मारूनही त्यांतला एकही बंद होत नसेल, तर ते पझल तात्पुरतं सोडून पुढे जावं. रफ शीटवर पट्ट्या तशाच राहतात, परत आल्यावर तिथून पुढे जाता येतं. नावंच भरून टाकली असतील तर मात्र परत येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.